तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईत डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे रुग्ण वाढतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर घरोघरी कुणी ना कुणी तापाने झोपलेलं असतं. मग साथ ओसरते, दिवाळी होते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात केस गळतात म्हणून येणाऱ्या तरुण मुलामुलींची गर्दी सुरू होते. कुणी कागदाच्या पुडीत केसांचा पुंजका घेऊन येतं, कुणाच्या मोबाइलमध्ये मोरीच्या जाळीचा फोटो असतो. शाम्पू बदलला म्हणून असेल, सोसायटीत टँकरचं पाणी येतं म्हणून असेल, हेल्मेटमुळे असेल, असे अंदाज प्रत्येकाने बांधलेले असतात. सप्टेंबरात आलेल्या तापाचं नाव कुणी काढत नाही, कारण तो बरा होऊन अडीच महिने झालेले असतात.

अचानक सुरू झालेल्या केसगळतीचं कारण बहुतेक वेळा त्या आठवड्यात सापडत नाही. ते साधारण दोन ते तीन महिने मागे असतं. म्हणून जाणकार डॉक्टर तेलाबद्दल किंवा शाम्पूबद्दल विचारण्याआधी कॅलेंडर उघडायला लावतात. तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप, ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने उतरवलेलं वजन, घरातला मृत्यू, नवीन सुरू केलेली किंवा बंद केलेली गोळी? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढे रक्त तपासायचं की नाही आणि काय तपासायचं, हे बरंचसं ठरतं.

हा उशीर का होतो, ते केसाच्या आयुष्यात आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं. दोन ते सहा वर्षं केस वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत मुळाचं काम थांबतं आणि केस विश्रांतीत जातो. विश्रांतीतला केस लगेच पडत नाही. तो तीनेक महिने जागेवरच अडकून राहतो, आणि खालून नवा केस उगवू लागला की सुटून येतो.

आता साधा हिशेब करू. एक लाखातले दहा टक्के, म्हणजे दहा हजार केस कुठल्याही दिवशी विश्रांतीत असतात. ते शंभरेक दिवसांत पडणार, म्हणजे दिवसाला शंभर. रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक आहे असं डॉक्टर म्हणतात, त्यामागचं गणित हे. शरीराला मोठा धक्का बसला, १०३-१०४ ताप चार-पाच दिवस राहिला, खाणं तुटलं, की शरीर केस वाढवण्याचं काम बाजूला ठेवतं आणि वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. दहा टक्क्यांचे तीस टक्के झाले तर दिवसाला शंभरऐवजी तीनशे केस पडणार. मात्र ते पडतील तीन महिन्यांनी, तोवर माणूस आजारपण विसरून कामाला लागलेला असतो. या प्रकाराला वैद्यकात टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं.

बाळंतपणानंतरची गळती हाच प्रकार. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं आणि त्यामुळे केस वाढीच्या टप्प्यात जास्त काळ टिकतात, वेणी दाट दिसते. बाळंत झाल्यावर हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि रेंगाळलेले सगळे केस एकदम विश्रांतीत जातात. बाळ तीन-चार महिन्यांचं होईतो आईच्या उशीवर केस दिसू लागतात. यात आईच्या दुधाचा किंवा बाळाच्या जावळाचा काही संबंध नाही.

या गळतीतली दिलासा देणारी गोष्ट केसाच्या टोकाशीच दिसते. गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मुळाकडचं टोक उजेडात पाहा. तिथे खसखशीच्या दाण्याहून बारीक, पांढरट गाठ दिसली तर तो केस विश्रांती संपवून आपणहून सुटलेला आहे. त्या पांढऱ्या गाठीला पाहून मूळच उखडून आलं, आता तिथे केस येणार नाही, अशी अनेकांची समजूत होते आणि ते घाबरतात. प्रत्यक्षात केस बनवणारी पेशींची पेटी कातडीखाली शाबूत असते आणि बहुतेक वेळा नव्या केसाची तयारी तिथे सुरू झालेली असते. याउलट केसाच्या दोन्ही टोकांना गाठ नसेल, तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असतील, तर केस मधूनच तुटतो आहे. स्ट्रेटनिंग, वारंवार रंग, ओल्या केसांवर जोरात फिरवलेला कंगवा, ही त्याची कारणं. पाण्याचा प्रश्नही इथेच निकालात निघतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी केस राठ करतं, राठ केस तुटतोही, पण पाणी मुळापर्यंत पोचत नाही. पांढऱ्या गाठीचे केस ओंजळभर पडत असतील तर पाण्याला दोष देऊन उपयोग नाही.

मोजताना एक फसगत होते तीही सांगायला हवी. जी मुलगी आठवड्यातून दोनदा न्हाते, तिच्या हातात न्हायच्या दिवशी तीन-चार दिवसांचे सुटलेले केस एकदम येतात. दोनशे केस पाहून ती हबकते आणि न्हाणं आणखी लांबवते. मग पुढच्या वेळी तीनशे येतात. न्हाल्याने केस गळत नाहीत, आधीच सुटलेले केस न्हाताना बाहेर येतात.

आता एक उदाहरण नीट पाहू. हे एका कुणा मुलीचं नाही, दवाखान्यात वारंवार भेटणाऱ्या हकिगतींवरून बेतलेलं आहे. मुलगी चोवीस वर्षांची, मूळची लातूरकडची, हिंजवडीत नोकरी, राहायला दोन मैत्रिणींबरोबर. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डेंग्यू झाला, पाच दिवस ताप, नंतर महिनाभर अशक्तपणा आणि तोंडाला चव नाही. वजन पाच किलो उतरलं, ते बरंच झालं म्हणून तिने भरून काढलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भांग पाडताना कंगव्यात केस येऊ लागले. तिने कांद्याचं तेल आणलं, मैत्रिणीने सांगितलं म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या, आणि तीन आठवड्यांनी घाबरून डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर काय पाहतात? आधी भांग. कपाळाजवळ भांगाची रुंदी आणि मागे टाळूजवळची रुंदी सारखीच आहे का? हिच्या डोक्यात ती सारखी होती. मग कपाळाच्या कडेला बारीक, टोकदार, दोन-तीन सेंटिमीटरचे नवे केस उभे दिसतात का? दिसत होते, म्हणजे मुळं कामाला लागली होती. मग डोक्याच्या वेगवेगळ्या भागांत पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढायची. पाच-सहांहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. ही चाचणी करायची तर आदल्या दिवशी डोकं धुतलेलं नसावं, नाहीतर सुटे केस आधीच गेलेले असतात आणि चाचणी खोटा दिलासा देते. हिच्या प्रत्येक बटेतून आठ-दहा केस आले, सगळे पांढऱ्या गाठीचे.

इथवर निदान झालेलंच होतं: तापानंतरची गळती. हकिगत इथेच संपत असती तर रक्त तपासायची गरज नव्हती. तीन-चार महिन्यांत गळती आपोआप कमी होईल, सहा महिन्यांच्या आत थांबेल, असं सांगून तिला घरी पाठवता आलं असतं. पण डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं. पाळी सात दिवस चालते, पहिले तीन दिवस पाच-सहा पॅड लागतात, असं ती म्हणाली. सकाळी नाश्ता नाही, नुसता चहा. दुपारी डबा आणि त्यावर लगेच पुन्हा चहा. जिना चढताना धाप लागते, पण ती डेंग्यूच्या अशक्तपणामुळे असेल असं तिला वाटत होतं. हे ऐकल्यावर तपासणीला कारण मिळालं. डॉक्टरांनी तीन चाचण्या लिहिल्या: सीबीसी, फेरिटिन आणि टीएसएच.

चाचण्या तीनच का, हे समजून घेण्यासारखं आहे. सीबीसीत हिमोग्लोबिन कळतं. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन हे डब्यातलं पीठ मानलं तर फेरिटिन हे कणगीतलं धान्य आहे: कणगी रिकामी होत आली तरी डब्यात काही दिवस पीठ भरलेलं दिसतं. हिचं हिमोग्लोबिन १२.२ आलं, म्हणजे अहवालात लाल अक्षर कुठेच नाही. फेरिटिन मात्र ९ होतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढ माणसात १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता मानते. केसगळती असताना ते तीस-चाळीसच्या वर असावं असं अनेक त्वचारोगतज्ज्ञांचं मत आहे, जरी नेमका आकडा किती असावा याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. नुसतं हिमोग्लोबिन तपासून सगळं ठीक आहे म्हटलं असतं तर तिची कमतरता नजरेतून सुटली असती, आणि सहा महिन्यांत थांबायची गळती वर्ष-दीड वर्ष रेंगाळली असती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. साठा रिकामा असून हिमोग्लोबिन अजून तग धरून असलेल्या मुली या आकड्यात येतच नाहीत.

फेरिटिनच्या बाबतीत वेळ सांभाळावी लागते. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना फेरिटिन वाढतं, डेंग्यूत तर फारच. त्या दिवसांत तपासलं असतं तर साठा भरपूर आहे असा उलटा निष्कर्ष निघाला असता. ताप जाऊन किमान काही आठवडे झाल्यावरच हा आकडा विश्वासाचा.

तिसरी चाचणी थायरॉईडची. थायरॉईड कमी किंवा जास्त, दोन्हींत केस गळतात, आणि तरुण मुलींमध्ये हा विकार कमी नाही. पण इथे तिच्या बायोटिनच्या गोळ्या आडव्या आल्या. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन बहुधा पाच ते दहा मिलिग्रॅम असतं. शरीराला रोज लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत गरजेच्या शेकडो पट. ते जादा बायोटिन शरीराला अपाय करत नसलं तरी अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांना चकवतं, कारण त्या चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. टीएसएच खोटंच कमी दिसतं, थायरॉईडची संप्रेरकं खोटीच जास्त दिसतात, आणि थायरॉईड वाढल्याचं चित्र उभं राहतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं, कारण हृदयविकाराच्या एका चाचणीतही हाच घोटाळा होतो. डॉक्टरांनी तिला गोळ्या बंद करून तीन दिवसांनी रक्त द्यायला सांगितलं. टीएसएच २.४ आलं, म्हणजे ठीक. केसांसाठी काही गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी ते डॉक्टरांना सांगा, प्रयोगशाळेतल्या माणसालाही सांगा.

उपचार साधा होता. लोहाची गोळी एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. रोज दोन-दोन गोळ्या घेतल्याने लोह दुप्पट शोषलं जात नाही. एका गोळीनंतर शरीर दिवसभर लोहाचं शोषण आवरून धरतं, म्हणून दिवसाआड घेतलेली गोळी चांगली लागू पडते आणि मळमळ, बद्धकोष्ठही कमी होतं. शौचाला काळी होते, त्याने घाबरून जायचं नाही. चहा जेवणापासून आणि गोळीपासून तासभर तरी लांब, कारण चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. हळिवाचे लाडू, पालेभाजी, कडधान्यं, खात असेल तर मटण किंवा मासे, आणि जेवणात लिंबू किंवा आवळा. पण साठा नऊवर गेला असेल तर नुसत्या खाण्याने तो भरायला फार काळ लागतो, गोळी टाळून चालत नाही. अति पाळीसाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण गळतं भांडं तसंच ठेवून भरत राहण्यात अर्थ नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा फेरिटिन.

या मुलीला आणखी एक गोष्ट आधीच सांगावी लागली. गळती थांबणं आणि वेणी पूर्ववत होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. मार्चपर्यंत कंगव्यातले केस नेहमीइतके झाले तरी नवा केस महिन्याला एकच सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंत येणारी वेणी पहिल्यासारखी भरायला वर्ष-दीड वर्ष जातं. हे माहीत नसलं की मुली दर महिन्याला तेल बदलत राहतात, आणि जे तेल हाताशी असताना केस आपोआप सावरतात, त्या तेलाला श्रेय मिळतं.

तेलाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण घरोघरी पहिला उपाय तोच असतो. खोबरेल केसाच्या दांड्यावर चांगलं काम करतं. केस कमी घासला जातो, कमी तुटतो. न्हायच्या आधी तासभर लावलं तर फायदा होतो. पण विश्रांतीत गेलेल्या मुळाला ते जागं करत नाही. कोंडा असेल, टाळूवर पिवळसर खपल्या आणि खाज असेल, तर रात्रभर तेल थापून ठेवल्याने तो वाढतो, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलकट द्रव्यावरच जगते. तिथे कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं फेस ठेवून धुणं, हे उपयोगी पडतं.

आणि ‘जास्त घेतलं तर काय बिघडतं’ या समजुतीला आपल्याच राज्यात एक धडा मिळालेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले, अनेकांना टक्कल पडलं. सुरुवातीला पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे ग्रामस्थांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवर आलेल्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला अगदी चिमूटभर लागतं. ते जास्त झालं की केस आणि नखं जातात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. केसांच्या ‘मल्टिव्हिटॅमिन’मध्ये ही दोन्ही बहुधा असतात. म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्याने डब्यांवरची लेबलं जुळवून पाहावीत.

तापानंतरच्या गळतीहून पूर्ण वेगळा प्रकार तरुण मुलांत दिसतो, आणि तिथे रक्त तपासून बहुतेक काहीच हाती लागत नाही. बाविशीतला मुलगा सांगतो की फार केस गळत नाहीत, उशीवर दोन-चारच दिसतात, पण गेल्या दिवाळीच्या आणि यंदाच्या फोटोत कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळूवर उजेड पडला की कातडी दिसते. हे आनुवंशिक टक्कल. यात केस पडण्यापेक्षा बारीक होत जाणं महत्त्वाचं आहे. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, आणि ज्यांच्या मुळांत आनुवंशिक संवेदनशीलता आहे त्यांची मुळं त्याच्या परिणामाने प्रत्येक चक्रात थोडी लहान होतात. केसाचं आयुष्य वर्षांवरून महिन्यांवर येतं, जाडी घटते, शेवटी लव उरते. पौगंडापूर्वी अंडकोष काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं. अशा मुलाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नेहमी नॉर्मलच असतं. दोष मुळाच्या संवेदनशीलतेत असल्याने रक्तात शोधून तो सापडत नाही. वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, त्यामुळे फक्त मामाचं डोकं पाहून भविष्य ठरवता येत नाही.

इथे वेळेला किंमत आहे. पूर्ण लव झालेली मुळं औषधाने क्वचितच परत येतात, अजून बारीक होत असलेली टिकवता येतात. मिनॉक्सिडिलचं पाच टक्क्यांचं द्रावण, एक मिलिलिटर सकाळी आणि एक रात्री, कोरड्या टाळूवर. केसांवर फवारलं तर वाया जातं, कातडीला लागलं पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात, कारण औषध विश्रांतीतल्या केसांना ढकलून नवे सुरू करतं. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक मुलं औषध सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. घरात मांजर असेल तर बाटली आणि हात दोन्ही सांभाळा, मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे. डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी पुरुषांमध्ये चांगला गुण देते. पण थोड्या जणांत कामेच्छा घटणं, ताठरतेची तक्रार, मन उदास होणं असे त्रास होतात. म्हणून ऑनलाइन प्रश्नावली भरून मागवण्यापेक्षा डॉक्टरसमोर बसून, आधीचा नैराश्याचा इतिहास सांगून ती सुरू करावी. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

मुलींमध्ये हा आनुवंशिक प्रकार वेगळा दिसतो. कपाळाची रेषा तशीच राहते आणि भांग रुंदावतो, समोर जास्त, मागे कमी. त्यासोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, पंचविशीतही मुरुमं जात नसतील, तर मात्र रक्त तपासायला हवं: टेस्टोस्टेरॉन आणि संबंधित संप्रेरकं, पीसीओएसच्या शोधात. ही चाचणी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी करतात, आणि संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील तर निष्कर्ष काढता येत नाही. कधी कधी दोन्ही प्रकार एकाच डोक्यात भेटतात. भांग हळूहळू रुंदावत होता, तो लक्षात आला नव्हता, आणि डेंग्यूनंतरच्या गळतीने तो एकदम उघडा पाडला. अशा मुलीची गळती सहा महिन्यांत थांबते, पण वेणी भरत नाही. तिथे पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

मग रक्त कधी तपासायचं? गळती सहा महिन्यांहून जास्त चालली असेल आणि तीन महिने मागे जाऊन काहीच आठवत नसेल तर. पाळी अति असेल, थकवा, धाप, थंडी सहन न होणं, कारणाविना वजनात चढउतार असेल तर. कडक शाकाहारी किंवा दूधही न घेणाऱ्यांनी बी-१२ पाहावं, कारण त्याची कमतरता केसांपेक्षा नसांना जास्त इजा करते. ड जीवनसत्त्व आपल्याकडे निम्म्याहून अधिक अहवालांत कमीच येतं. ते भरून काढायला हरकत नाही, पण केसगळतीचं कारण तेच, असं म्हणायला पुरावा तोकडा आहे. ऐंशी-नव्वद चाचण्यांच्या पॅकेजमध्ये असं काहीतरी लाल अक्षरात येतंच, आणि त्याच्यामागे लागून खरं कारण राहून जातं. पाळी, आहार आणि आजारपण यांबद्दल दहा मिनिटं विचारून लिहिलेल्या तीन चाचण्या जास्त सांगतात.

वजन उतरवणाऱ्यांना एक वेगळी सूचना. महिन्याला चार-पाच किलोंच्या वेगाने वजन घटवलं, मग ते उपासाने, कीटोने किंवा हल्लीच्या इंजेक्शनांनी, तर तीन महिन्यांनी केस पडण्याची शक्यता पुष्कळ. इंजेक्शनांनी भूक मरते आणि सर्वांत आधी ताटातली प्रथिनं कमी होतात. साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. पोळी-भाजी आणि वाटीभर वरणात ती भरत नाहीत. दोन अंडी, किंवा मूठभर भिजवलेले हरभरे, दही आणि पनीर यांची भर घालावी लागते.

काही चिन्हं दिसली तर कॅलेंडर आणि धीर दोन्ही बाजूला ठेवून लवकर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडणं, म्हणजे चाई, ही शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच मुळांवर केलेल्या हल्ल्याने होते. ती कीड किंवा झुरळ चावल्याने होत नाही. लसूण किंवा कांदा चोळून कातडी भाजण्याऐवजी स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं त्या जागी घेतली तर अनेकांचे केस परत येतात. टाळू लाल, दुखरी, पुवाची असेल, किंवा केस गेलेली जागा चकचकीत होऊन तिथली छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर मुळं कायमची नष्ट होण्याचा धोका असतो आणि तिथे आठवडेही मोलाचे असतात. अशा वेळी टाळूचा चार मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल देऊन पंधरा मिनिटांत होणारं काम आहे, एखाद-दुसरा टाका पडतो, आणि मुळं वाचवायची तर कुठलं औषध द्यायचं हे त्यावरून ठरतं.